चार्ज यादी: निरोपाच्या एका विनोदी मजकुराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच ऑफिसातलं आहे. ऑफिस कुठलं, ते सांगत नाही, आणि माणसांची नावंही काढून टाकली आहेत. निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांना इथे आपण नाना म्हणू. त्यांना खरं कोणी नाना म्हणत नव्हतं, पण ज्या नावाने म्हणत ते लिहिलं तर आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला पहिल्या ओळीत कळेल.

नाना आवक-जावक शाखेत 34 वर्षं होते. आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर यायचा आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद शेवटी तिथूनच जायचा. मसुदा तपासायला त्यांच्याकडे लाल पेन असे. चूक सापडली की गोल करत, फारच चूक असली की समासात 'चर्चा करावी' असं तिरकं लिहून परत पाठवत. मी लागलो त्या आठवड्यात माझ्या एका साध्या स्मरणपत्रावर त्यांनी सात गोल केले होते. आठवा गोल कोऱ्या जागेवर होता. विचारायला गेलो तर म्हणाले, "तिथे तारीख असते."

निवृत्तीच्या महिनाभर आधी आमच्या मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, मला बोलावून सांगितलं की समारंभात वाचायला काहीतरी हलकंफुलकं लिही, आणि तेच छापून, चौकट करून नानांना देऊ. मॅडमना आमच्या विभागात येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे नानांवरचे अर्धे विनोद त्यांना ऐकून माहीत होते, पाहून नव्हे. हा मुद्दा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. तो पुढे येईल.

अडचण

मी चार दिवस सगळ्यांकडून नानांचे किस्से गोळा केले. 43 जमले. ते एकाखाली एक लिहून पहिला मसुदा तयार केला आणि रात्री स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवला. वाचायला बारा मिनिटं लागली. एकेकटा किस्सा मजेदार होता, पण ओळीने वाचल्यावर विचित्र वाटायला लागलं. नाना कंजूष, नाना हट्टी, नाना सावकाश, नाना जुनाट, नाना फोनवर ओरडणारे. प्रत्येक किस्सा सांगणाऱ्याने प्रेमानेच सांगितला होता, पण प्रेम त्याच्या आवाजात होतं, कागदावर उतरलेलं नव्हतं. कागदावर उरलं होतं ते एक आरोपपत्र.

ऑफिसातल्या खाजगी विनोदाची गोम इथेच आहे. आपण टेबलाशेजारी बसून "झाली का नानांची दोन मिनिटं?" म्हणतो तेव्हा त्या वाक्यामागे शेकडो दुपारी असतात. त्या दुपारी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना त्यात फक्त टिंगल दिसते. आणि निरोप समारंभात असे लोक पुष्कळ असतात. आमच्याकडे साठ-पासष्ट माणसं येणार होती. त्यात दुसऱ्या मजल्यावरची वीस-एक, नवीन लागलेली दहा-बारा, आणि पहिल्या रांगेत काकू आणि नानांची मुलगी. बापावर लोक हसताहेत हे मुलीने पहिल्यांदा ऐकावं, तेही त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आणि तिला हसण्याचं कारण कळू नये, हे मला नको होतं.

दुसरी अडचण साधी होती. पुढच्या दिवशी नाना ऑफिसात नसणार. रोजच्या थट्टेला रोजचं उत्तर देता येतं. नाना तर देण्यात पटाईत होते. निरोपाच्या मजकुराला उत्तर देता येत नाही. माणूस हात जोडून उभा असतो आणि आपण बोलत असतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पद्य. आमच्या ऑफिसात निरोपाला पद्य करायची जुनी सवय आहे आणि एकदोघांचा हातही बसलेला आहे. मी आठ ओळी करून पाहिल्या. यमकाने मला 'कपाट' आणि 'सपाट' इतक्या जवळ आणलं की नाना सपाट झाले. यमक जुळवताना आपल्याला जे म्हणायचं नाही तेही आपण म्हणून बसतो. सोडून दिलं.

दुसरा पर्याय, पाच जणांनी उठून एकेक किस्सा सांगायचा. हे दोन वर्षांपूर्वी एकाच्या निवृत्तीला केलं होतं आणि काय झालं ते मला आठवत होतं. पहिल्याने सौम्य सांगितलं, ते हसले. दुसऱ्याला त्यापेक्षा जास्त हशा हवा होता. चौथ्यापर्यंत गाडी त्या गृहस्थांच्या वजनावर आणि पाचव्याला रजेच्या अर्जातल्या कारणांवर पोचली होती. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. चढाओढीला लगाम नव्हता, इतकंच.

तिसरा पर्याय खोट्या परिपत्रकाचा. 'सर्व कर्मचाऱ्यांस सूचित करण्यात येते की' असं सुरू करून नानांच्या सवयी नियमांच्या भाषेत मांडायच्या. हे मी जवळजवळ पक्कं केलं होतं. पानभर लिहिल्यावर मात्र जाणवलं की परिपत्रकाचा आवाज वरून खाली येतो. ऑफिस बोलतं, आणि ज्याच्याबद्दल बोलतं तो कर्मचारी. 'सदर कर्मचारी स्टेपलर सुतळीने बांधून ठेवत असल्याचे निदर्शनास आले आहे' हे वाक्य गमतीदार आहे, पण त्यात नाना पकडले गेलेले आहेत.

चौथा पर्याय मला नानांनीच नकळत दिला. शेवटच्या पंधरवड्यात ते चार्ज द्यायची यादी करत होते. कपाटं किती, वह्या किती, शिक्के किती, कुठली किल्ली कशाची. मी शेजारी उभा होतो. त्यांनी सतरावी किल्ली उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. "ही कशाची?" मी विचारलं. "माहीत नाही," नाना म्हणाले, "असू दे. कुलूप सापडेल." हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकत होतो.

त्या क्षणी साचा सापडला. चार्ज यादीत नाना 'देणार' आणि आम्ही 'घेणार'. त्यांची प्रत्येक खोड त्या यादीत वस्तू होऊन येते, आणि आम्ही ती मोजून, सही करून ताब्यात घेतो. ज्या सवयीवर आपण हसतो तीच आपल्याला हवी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. यादीची रचनाच ते सांगते. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हा एकच. बाकीचं पुढे आपोआप सुचत गेलं.

काय ठेवलं, काय काढलं

43 किस्से यादीत बसणार नव्हते. वाचायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत असं मॅडमनी सांगितलं होतं, आणि हशाला थांबावं लागतं हे धरलं तर त्यात साडेतीनशे-चारशे शब्दच मावतात. म्हणजे फार तर आठ नग.

पहिल्या चाळणीत मी तीन गोष्टी पाहिल्या. नाना हा किस्सा स्वतः सांगतात का? अनोळखी माणसाला एका वाक्यात समजावता येतो का? आणि हसून झाल्यावर नाना कुठे उभे राहतात, आहेत तिथे की एक पायरी खाली? पहिल्याच प्रश्नाने निम्मे गेले. स्टेपलरचा किस्सा नाना स्वतः रंगवून सांगत. बढती दोनदा हुकल्याचा किस्साही ऑफिसात हसून सांगितला जाई, पण तो नानांच्या तोंडून कोणी कधी ऐकला नव्हता. मला तो कच्च्या मसुद्यात ठेवायचा मोह झाला होता, कारण त्यातलं 'साहेब होता होता राहिले' हे वाक्य टाळ्या घेणारं होतं. ताईंनी, म्हणजे नानांच्या शेजारच्या टेबलावर 26 वर्षं बसलेल्या आमच्या वरिष्ठ लिपिकांनी, त्यावर फक्त बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खोडलं.

काही किस्से काढायचे नव्हते, फिरवायचे होते. संगणकाचा किस्सा त्यातला. गोळा झालेलं रूप असं होतं: संगणक आल्यावरही नाना वही लिहीतच राहिले, कारण त्यांचा 'त्या डब्यावर' विश्वास नव्हता. याला हमखास हशा होता, आणि त्या हशात नाना मागासलेले ठरत होते. पण किस्सा तिथे संपत नव्हता. एकदा सर्व्हर दोन दिवस बंद पडला तेव्हा कुठला कागद कोणाकडे गेला हे सांगणारी ऑफिसातली एकमेव गोष्ट ती वही होती. लोक किस्सा सांगताना हा भाग गाळत, कारण त्यात हसू नव्हतं. मी शेवट परत जोडला आणि हसण्याची जागा बदलली. नानांच्या अज्ञानाऐवजी त्यांच्या अक्षरावर हसायचं ठरवलं, जे आमच्यापैकी तिघांनाच वाचता येई. अक्षरावर नाना स्वतःही हसत.

मग चाचणीवाचन केलं. समारंभाच्या तीन दिवस आधी, ऑफिस सुटल्यावर, ताई आणि शिपाई मामा यांना समोर बसवून अख्खा मजकूर वाचला. तेव्हा त्यात एक कलम फोनबद्दल होतं: नाना फोनवर बोलताना गावाच्या अंतराप्रमाणे आवाज चढवतात, शेजारच्या इमारतीसाठी साधा, परगावासाठी खिडक्या थरथरतील असा. ताई हसल्या. मामा हसले नाहीत.

"ते यंत्र लावतात आता कानाला," मामा म्हणाले. "मागच्या वर्षापासून. सेल मीच आणून देतो."

केस वाढवून कानावर घेतले होते, तेवढं आम्ही पाहिलं होतं. त्यावरही एक विनोद 43 मध्ये होता. दोन्ही काढले. शरीराबद्दलचा विनोद कितीही जुना आणि मायेचा असला तरी तो शेवटचा कधी तपासला होता हे विचारावं लागतं. दहा वर्षांपूर्वी मोठा आवाज ही खोड होती, आता तो ऐकू न येणं झाला होता. हे मला एकट्याने बसून कधीच कळलं नसतं.

अंतिम मजकूर

समारंभात वाचलेला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा देतो. ओळखू येईल असं एखादं वाक्य तेवढं बदललं आहे.

> चार्ज यादी
>
> चार्ज देणार: नाना.
> चार्ज घेणार: आम्ही सगळे, नाइलाजाने.
>
> 1. लाल पेन, 1 नग. शाई संपत आलेली. या पेनाने आमचे असंख्य मसुदे जखमी झाले, पण चुकीचा कागद या दारातून बाहेर गेला नाही. पेन ताईंकडे देण्यात येत आहे. त्यांनी ते बेताने चालवावं. आम्हाला अजून नोकऱ्या करायच्या आहेत.
>
> 2. स्टेपलर, 1 नग, सुतळीसह. सुतळीची लांबी दीड हात. ज्याला स्टेपलर हवा असेल त्याने कागद घेऊन स्टेपलरकडे यावं, स्टेपलर कोणाकडे जाणार नाही, हा नियम पुढेही लागू राहील. या ऑफिसात 34 वर्षांत न हरवलेली ही एकमेव वस्तू आहे.
>
> 3. 'दोन मिनिटं'. एका नगात अंदाजे 40 मिनिटं भरतात. "बस दोन मिनिटं" म्हणून नानांनी ज्याला बसवलं तो काम झाल्याशिवाय उठला नाही. शिल्लक साठा मोजायचा राहिला. मोजायला किती वेळ लागेल असं नानांना विचारलं. ते म्हणाले, दोन मिनिटं.
>
> 4. भिंतीवरचं घड्याळ, 1. पाच मिनिटं पुढे, नानांनीच ठेवलेलं. सगळे त्याला वचकून असतात आणि त्याने आजवर कोणाचं नुकसान केलेलं नाही. हे वाक्य घड्याळाबद्दल आहे.
>
> 5. पंखा, 3 वर. तो 3 वरच राहील.
>
> 6. आवकची वही. ज्या दोन दिवशी सर्व्हर बंद होता त्या दोन दिवशी हे ऑफिस या वहीवर चाललं. वहीला पासवर्ड नाही. अक्षर नानांचं असल्यामुळे तशी गरज पडली नाही.
>
> 7. 'चर्चा करावी' हा शेरा. वापरायची रीत: राग आला की हा शेरा लिहावा, माणूस धावत आला की त्याला खुर्ची द्यावी. या शेऱ्यानंतर खरोखर चर्चाच झाली. नानांच्या टेबलावरून कोणाची लेखी तक्रार वर गेली नाही.
>
> 8. किल्ल्या, 17. पैकी 16 ची कुलपं सापडली. सतरावी कशाची हे कोणालाच माहीत नाही. ही किल्ली आम्ही चार्जमध्ये घेत नाही. नानांनी ती सोबत न्यावी, आणि कुलूप इथेच कुठेतरी असणार असं समजून अधूनमधून बघायला यावं.
>
> वरील सर्व नग मोजून ताब्यात घेतले. नाना, काम तुम्ही शिकवलंत तसं करू. तुमच्याइतकं नीट होईल असं लिहून देत नाही.

क्रमाबद्दल एक गोष्ट सांगतो. सर्वांना ठाऊक असलेलं लाल पेन आधी ठेवलं, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे लोकही पहिल्या ओळीतच आत येतात. सातवं कलम विनोदी दिसतं पण नाही. त्याच्या शेवटच्या वाक्याला कोणी हसणार नाही हे मला माहीत होतं आणि तसंच हवं होतं. तिथे सभा शांत झाली की किल्ली पुढे करायची. सरळ, विनोदाशिवायचं बोलणं शेवटच्या दोन वाक्यांपुरतंच ठेवलं. पहिल्या खर्ड्यात ते अर्धं पान होतं, 'मार्गदर्शक' आणि 'आधारस्तंभ' यांच्यासकट. ताईंनी विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?" खरंच, ते कोणाच्याही निरोपात चाललं असतं.

समारंभाच्या दिवशी

मजकूर मीच वाचला. मोठ्या टाइपात, एका पानावर दोनच कलमं अशी छपाई करून घेतली होती, म्हणजे हशा चालू असताना डोळा पुढच्या ओळीवर घसरत नाही. याचा फार उपयोग झाला. तिसऱ्या कलमाला जो हशा उसळला तो थांबेना, मागून कोणीतरी ओरडलं, "नाना, झाली का मोजणी?" आणि नाना खुर्चीतून म्हणाले, "बस, दोन मिनिटं." माझ्या मजकुरातल्या कुठल्याच वाक्याला त्याच्या निम्माही हशा आला नाही. उत्तर द्यायला जागा राहिली होती याचं मला बरं वाटलं.

चौथ्या कलमावर काकू सर्वांत जास्त हसल्या. घरचंही घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे नंतर कळलं.

पाचवं कलम सपशेल पडलं. "पंखा, 3 वर. तो 3 वरच राहील." आमच्या खोलीतले आठ जण खो खो हसले आणि उरलेली सभा आमच्याकडे बघत राहिली. पंख्याचा विनोद आमच्यात इतका मुरलेला होता की त्याला संदर्भ लागतो हेच मी विसरलो. कोणी पंखा चारवर केला की नाना मान वर न करता उठत, तीनवर करत आणि परत येऊन बसत, वर्षानुवर्षं, एक शब्द न बोलता. हे सांगितलं असतं तर चाललं असतं. चाचणीवाचनात पकडलं का गेलं नाही? कारण ताई आणि मामा दोघंही त्याच खोलीतले. अनोळखी कान मी बसवलाच नव्हता. मॅडमना किंवा त्या नव्या लागलेल्या मुलाला बसवलं असतं तर त्याने पाचव्या कलमाला भुवया उंचावल्या असत्या आणि काम झालं असतं. नेमके जे कमी जाणतात त्यांनाच मी तपासणीतून वगळलं होतं.

किल्लीपर्यंत आलो तेव्हा मी ती खरोखरच खिशातून काढली. त्याच सकाळी ताईंनी ती जुडग्यातून सोडवून दिली होती. त्याआधी ताईंनी नव्या चार्ज यादीत रीतसर '16 किल्ल्या' अशी दुरुस्ती करून घेतली होती, नाहीतर आमच्यावरच 'चर्चा करावी' आलं असतं. नानांनी किल्ली घेतली, सवयीने उलटसुलट करून पाहिली, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बोलले नाहीत. खिशात ठेवली.

चौकटीतल्या प्रतीत आम्ही एक बदल केला होता. ती पुढे वर्षानुवर्षं वाचली जाणार, वाचणाऱ्याचा आवाज आणि लोकांचं हसू तिच्यासोबत नसणार, म्हणून 'नाइलाजाने' हा शब्द तिथे काढून 'आनंदाने नव्हे' केला. वाचताना 'नाइलाजाने' शब्दावर मी थांबून नानांकडे पाहिलं की अर्थ कळतो. भिंतीवर तोच शब्द तुटक दिसतो. हा फरक छोटा आहे, पण एकच मजकूर ऐकवायला आणि द्यायला वापरायचा असेल तर तो पाहावा लागतो.

नानांचा शेरा

समारंभानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर एक घडी केलेला कागद होता. मामांनी आणून ठेवला होता. मी समारंभात वाचलेलीच पानं, नानांनी जाताना मागून घेतलेली. त्यावर लाल शाई.

दुसऱ्या कलमात 'दीड हात' वर गोल आणि बाजूला: 'सव्वा हात. मोजून लिहावे.'

पाचव्या कलमावर गोल: 'कारण दिलेले नाही. चारवर कागद उडतात.' अकरा वर्षं त्या खोलीत बसून मला हे माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्याला हट्ट समजत होतो. सभेला कारण कळलं असतं तर विनोद चालला असता, असं मी वर लिहिलं. खरी गोष्ट ही की मलाच कारण ठाऊक नव्हतं.

तिसरी दुरुस्ती यादीच्या खाली होती. आठच्या पुढे त्यांनी स्वतः एक कलम वाढवलं होतं:

'9. गठ्ठ्याच्या सुतळीची गाठ, 1. ती मामांनी शोधलेली, माझी नव्हे. मूळ मालकास परत.'

ते वाचून मी पाचेक मिनिटं काहीच काम केलं नाही. यादीत ताईंचं नाव होतं, 'आम्ही सगळे' होतं, पंखासुद्धा होता. 21 वर्षं नानांचे गठ्ठे बांधणारे, सोडणारे आणि कानाच्या यंत्राचे सेल आणणारे मामा त्यात कुठेही नव्हते. चाचणीवाचनाला ते माझ्यासमोर बसले होते, पूर्ण मजकूर ऐकला होता, चुकीचा विनोद काढायला लावला होता, आणि स्वतःबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. मी 43 किस्से गोळा केले तेव्हा त्यांना विचारलंच नव्हतं. किस्से विचारायला टेबलाटेबलावर फिरलो, आणि मामांना टेबल नव्हतं. दुसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर किस्से मागण्याआधी मी एक वेगळा कागद घेईन आणि त्यावर फक्त माणसं लिहीन: या माणसाचं रोजचं काम कोणाकोणाच्या हातातून जात होतं. मग विनोद.

मामांना कागद दाखवला. त्यांनी नववं कलम दोनदा वाचलं. "गाठ साधी आहे," म्हणाले, "पण सुटत नाही." मग त्यांनी त्या पानांची घडी माझ्याकडून घेतली, सुतळीचा तुकडा काढला आणि तीच गाठ मारून परत दिली.

सगळ्यांत खाली, समासात, नेहमीच्या तिरक्या अक्षरात नानांनी लिहिलं होतं: 'दुरुस्त करून पुनश्च सादर. चर्चा करावी.'

मी दुरुस्त प्रत काढली. सव्वा हात केलं, पंख्याचं कारण घातलं, नववं कलम घातलं, चौकट बदलून घेतली आणि रविवारी मामांना बरोबर घेऊन नानांच्या घरी गेलो. नानांनी दार उघडलं, माझ्या हातातली चौकट पाहिली आणि चष्मा शोधायला आत वळले.

"बसा," आतून म्हणाले, "दोन मिनिटं."